सदाफुलीची पाचर

मे महिन्यात लातूरच्या आमच्या गल्लीत हिरवं म्हणावं असं एकच झुडूप उरतं, सदाफुलीचं. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं, जास्वंदी माना टाकतात आणि ही बाई नालीच्या कडेला गुलाबी फुलं घेऊन उभी. मोकाट शेळ्या गल्लीतलं सगळं फस्त करतात, पण हिचं पान तोंडात घेतलं की टाकून देतात, इतकं ते कडू. समोरच्या काकू मात्र रोज सकाळी अनशापोटी तीन पानं चावतात.

"शुगर उतरती म्हनं ह्यानं," असं त्यांचं म्हणणं. मी केमोथेरपीची औषधं मिसळण्याच्या खोलीत फार्मासिस्ट आहे हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून मागच्या उन्हाळ्यात त्यांनी मला गाठलं. "तू त्या कॅन्सरच्या दवाखान्यात औषधं कालवायलीस ना? मग खरं सांग, तिथलं औषध बी ह्याच्यापासूनच करतेत ना?"

हो म्हणावं तर काकू उद्यापासून तीनाची दहा पानं करतील. नाही म्हणावं तर खोटं. मी म्हटलं, "करतेत, पण बसून ऐका."

शुगरपासूनच सुरुवात करावी लागते, कारण या औषधाची गोष्टही तिथूनच सुरू झाली. १९५२ साली जमैकातल्या एका डॉक्टरने कॅनडात एक पाकीट पाठवलं. त्यात सदाफुलीची पंचवीस पानं होती आणि तिकडचे लोक मधुमेहासाठी यांचा काढा पितात असा निरोप होता. पाकीट रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेत पोहोचलं. त्यांनी पानांचा अर्क उंदरांना दिला, तर रक्तातली साखर जागची हलली नाही. मग त्यांनी तोच अर्क टोचून पाहिला. उंदीर काही दिवसांत जंतुसंसर्गाने मेले. तपासलं तेव्हा त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या आणि अस्थिमज्जा रिकामी पडली होती. साखरेचं औषध म्हणून प्रयोग फसला होता, पण पांढऱ्या पेशी इतक्या वेगाने संपवणारं जे काही पानात होतं, ते रक्ताच्या कॅन्सरवर चालेल का, हा प्रश्न त्यातून निघाला. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी १९५८ पर्यंत त्यातलं व्हिनब्लास्टिन वेगळं काढलं. पाठोपाठ अमेरिकेत त्याचं जुळं भावंड सापडलं, व्हिनक्रिस्टिन. १९६३ पासून ते मुलांच्या ल्युकेमियावर वापरात आहे. आमच्या फ्रीजमध्येही ते असतं.

आता त्याचं माप सांगते. औसा भागातला सात वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे होता. त्याला तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झाला होता, म्हणजे लहान मुलांत सगळ्यांत जास्त दिसणारा रक्ताचा कॅन्सर. व्हिनक्रिस्टिनचा डोस अंगाच्या पृष्ठभागावरून काढतात. मुलाची उंची ११५ सेंटिमीटर, वजन २० किलो. दोन्हींचा गुणाकार २३००, त्याला ३६०० ने भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. उत्तर येतं ०.८ चौरस मीटर. दर चौरस मीटरला दीड मिलिग्रॅम या हिशोबाने त्याचा डोस झाला १.२ मिलिग्रॅम. औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम असतं, म्हणजे सिरिंजमध्ये सव्वा मिलिलिटरही भरत नाही. पाण्यासारखं स्वच्छ. आईबाप शेजारच्या लाल औषधाला घाबरतात, याच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही.

हे एवढंसं औषध काढायला पाला किती लागतो? एक ग्रॅम व्हिनक्रिस्टिनला साधारण वीस क्विंटल वाळलेली पानं लागतात असा हिशोब सांगतात. आमच्याकडे बऱ्या सालात दोन-अडीच एकरांत जेवढं सोयाबीन होतं, तेवढं वजन. त्या हिशोबाने या पोराच्या एका डोसला अडीच किलोच्या आसपास वाळलेला पाला झाला आणि पहिल्या महिन्यातल्या चार डोसांना जवळपास दहा किलो.

इतकं कमी का, याचं उत्तर झाडाच्या काटकसरीत आहे. हा रेणू दोन अर्धुकांचा बनलेला आहे, कॅथरँथिन आणि विंडोलिन. झाड दोन्ही अर्धुकं भरपूर बनवतं, पण ती वेगवेगळ्या घरांत ठेवतं. कॅथरँथिन बहुतेक पानाच्या पृष्ठभागावरच्या मेणचट थरात असतं आणि विंडोलिन आतल्या पेशींत. गाठ पडतच नाही, तर जोडी कुठून होणार? त्यामुळे जोडलेला रेणू पानात नावापुरता सापडतो. काकूंच्या तीन पानांत तो किती असेल ते कुणालाच सांगता येणार नाही. शिवाय पोटातून तो कधी किती अंगाला लागेल याचा भरवसा नाही, म्हणूनच दवाखान्यात तो थेट शिरेतून देतात. पानात इतर डझनावारी अल्कलॉइडं आहेत ती वेगळीच.

आता मुद्द्यावर येऊ. हा रेणू पेशीत जाऊन करतो काय?

आपल्या प्रत्येक पेशीत ट्युब्युलिन नावाचं प्रथिन असतं. त्याच्या दोन जाती, अल्फा आणि बीटा. एक अल्फा आणि एक बीटा कायम चिकटलेले असतात, आणि ही जोडी म्हणजे आपली एक वीट समजा. लांबी एका मिलिमीटरच्या सव्वा लाखाव्या भागाएवढी, आठ नॅनोमीटर. विटेवर वीट चढत सरळ सर बनतो आणि असे तेरा सर गोलाकार उभे राहिले की पोकळ नळी तयार होते, सूक्ष्मनलिका. जुन्या आडाचं गोल बांधकाम आठवा. आड खाली खणतात आणि हा वर वाढतो, एवढाच फरक. एका केसाच्या रुंदीत अशा हजारो नळ्या शेजारी शेजारी मावतील.

या बांधकामाला गिलावा नसतो. नळीचं टोक सतत बदलत असतं. विटा येऊन बसतात, नळी वाढते. मग अचानक टोक उकलतं, सर बाहेरच्या बाजूला केळीच्या सालीसारखे सोलले जातात आणि नळी झरझर आखूड होते. थोड्या वेळाने परत वाढायला लागते. यामागचं कारण जीटीपी नावाचा छोटा रेणू आहे. ताज्या विटेत तो अख्खा असतो आणि वीट सरळ बसते. काही वेळाने तो तुटतो, मग विटेची ओढ वाकण्याकडे असते. टोकाला ताज्या विटांची टोपी आहे तोवर खालच्या वाकू पाहणाऱ्या विटा दाबलेल्या राहतात. टोपी गेली की सगळं सुटतं. ही वाढघट मिनिटामिनिटाला चालू असते आणि पेशीचं विभाजन तिच्यावरच अवलंबून असतं.

आमच्या आजोळी विहिरीत बादली पडली की गळ टाकायचे. दोराला लोखंडी आकड्यांचा झुबका, तो अंधारात सोडायचा, ओढायचा, लागलं नाही की जरा बाजूला परत सोडायचा. विभाजनाच्या वेळी पेशी नेमकं हेच करते. तिची ४६ गुणसूत्रं दुप्पट होऊन मध्ये पडलेली असतात, प्रत्येकाच्या दोन प्रती एकमेकींना चिकटलेल्या. पेशीच्या दोन टोकांकडून सूक्ष्मनलिका सुटतात, वाढतात, काही हाती लागलं नाही की आखडतात आणि दुसऱ्या दिशेला परत वाढतात. शेवटी प्रत्येक गुणसूत्राला दोन्ही बाजूंनी गळ लागतो. मग दोन्ही प्रती विरुद्ध दिशांना ओढल्या जातात आणि एकीच्या दोन पेशी होतात. शाळेच्या पुस्तकात ज्याला तर्कुतंतू म्हणतात ते हेच. दोर सोडता आणि ओढता आला नाही, तर विहिरीत हजार दोर असूनही बादली निघत नाही.

सदाफुलीचा रेणू या दोराच्या टोकाला बसतो. नेमका कुठे, हे बरीच वर्षं धूसर होतं. २००५ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी ट्युब्युलिन आणि व्हिनब्लास्टिन एकत्र स्फटिकात गोठवून क्ष-किरणांनी त्याचं चित्र मिळवलं. रेणू एका विटेच्या आत शिरत नाही. एका विटेचा बीटा आणि तिला लागून असलेल्या पुढच्या विटेचा अल्फा यांच्या सांध्यात तो घुसतो. एकाच सरातल्या दोन विटांच्या मधोमध, एका कडेने, पाचर मारल्यासारखा. भिंतीच्या दोन थरांमध्ये एका बाजूने पाचर सारली की वरची भिंत कलते, तसंच इथे होतं. दोन विटा एकमेकींना धरून राहतात पण वाकड्या. आणि वाकडा सर शेजारच्या बारा सरांशी जुळून भिंत करू शकत नाही.

औषध भरपूर असेल तर नळ्या पूर्ण उकलतात, वाकड्या विटांची वेटोळी होतात, पेशीत त्यांचे स्फटिकासारखे गठ्ठेसुद्धा दिसतात. लोकांना वाटतं की औषध असंच काम करतं, सगळं मोडून टाकतं. मला मात्र कमी मात्रेतली गोष्ट जास्त भारी वाटते. नळीच्या टोकावर एक किंवा दोन रेणू बसले, तरी तिथली विटांची देवघेव सुमारे निम्म्यावर येते. एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी नळी घेतली तर तिच्यात सोळा हजारांवर विटा असतात. त्या सोळा हजारांत दोन पाचरी! सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर नळ्या जागच्या जागी, तर्कू उभा, सगळं शाबूत. फक्त हालचाल थिजलेली. दोर आहे, पण ना सुटतो, ना ओढला जातो. मराठीत एखाद्याने कामात मोडता घातला की त्याने पाचर मारली म्हणतात, आणि इथे तो वाक्प्रचार अक्षरशः खरा आहे.

पण हालचाल थिजली म्हणून पेशी लगेच मरत नाही. ती आधी थांबते. एसटीत शेवटचा माणूस आत येईपर्यंत कंडक्टर डबल बेल मारत नाही, तशी पेशीतही व्यवस्था आहे. ज्या गुणसूत्राला गळ लागला नाही, त्याच्या गळ अडकायच्या बिंदूवरून मॅड२ वगैरे प्रथिनांमार्फत 'थांबा' असा निरोप जात राहतो. ४६ गुणसूत्रांच्या दोन-दोन अशा ९२ जागांपैकी ९१ जागी गळ लागले आणि एक राहिला तरी गाडी हलत नाही. एरवी हा टप्पा तासाभरात उरकतो. पाचर बसलेली पेशी मात्र तिथेच दहा-दहा, वीस-वीस तास अडकून पडते.

या थांबलेल्या पेशीत दोन घड्याळं एकाच वेळी उतरत असतात. एक घड्याळ जगण्याचं. पेशीला मरणापासून सावरून धरणारं एमसीएल-१ नावाचं प्रथिन हळूहळू झिजत जातं, आणि ते एका मर्यादेखाली गेलं की पेशी स्वतःला संपवते. दुसरं घड्याळ थांबण्याचं. पेशीला विभाजनाच्या टप्प्यात धरून ठेवणारं सायक्लिन बी हेही थेंबथेंब गळत असतं. ते आधी संपलं, तर पेशी विभाजन न करताच त्या टप्प्यातून निसटते, दुप्पट गुणसूत्रं पोटात घेऊन. कोणतं घड्याळ आधी संपेल हे एकाच कॅन्सरच्या शेजारशेजारच्या दोन पेशींतही वेगळं असू शकतं. त्यामुळे एकट्या व्हिनक्रिस्टिनवर कुणी विसंबत नाही. सोबत स्टेरॉइड असतं, इतर इंजेक्शनं असतात. काही पेशी तर औषध आत आलं की पंपाने उपसून बाहेर फेकायला शिकतात. ल्युकेमियाच्या काही पेशी विभाजनात नसतानाही या औषधाने मरताना प्रयोगशाळेत दिसल्या आहेत, म्हणजे गळ आणि विहिरीची माझी गोष्ट सगळं काही सांगत नाही, हेही खरं.

ट्युब्युलिन फक्त कॅन्सरच्या पेशीत असतं तर बरं झालं असतं. ते सगळीकडे आहे. केसांच्या मुळाशी पेशी सतत विभागतात म्हणून केस जातात, हे लोकांना ठाऊक असतं. पण व्हिनक्रिस्टिनचा खरा मार बसतो तो कधीच न विभागणाऱ्या पेशींवर, मज्जातंतूंवर.

पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या चेतापेशीचं मुख्य घर कमरेच्या मणक्यांत असतं आणि तिची तार मोठ्या माणसात जवळपास एक मीटर लांब. बोटाकडच्या टोकाला लागणारा बहुतेक माल घरात बनतो आणि सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून खाली जातो. जलद माल दिवसाला चाळीसेक सेंटिमीटर जातो, म्हणजे बोटापर्यंत अडीच दिवस. हे रूळ बिघडले की सगळ्यांत आधी उपासमार होते सगळ्यांत लांबच्या टोकाची. म्हणून त्रास पावलांत सुरू होतो, हातांत नंतर. डॉक्टर घोट्यामागच्या धोंडशिरेवर रबरी हातोडी मारतात तेव्हा पाऊल उडत नाही, हे पहिलं लक्षण. मग मुंग्या, जबड्यात दुखणं, आणि आतड्याच्या नसा मंदावल्या की बद्धकोष्ठ. मोठ्या माणसाचं गणित काहीही आलं तरी बहुतेक ठिकाणी डोस दोन मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत, ते या नसांमुळेच.

याच कारणाने हे औषध चुकून पाठीच्या मणक्यात गेलं तर बहुतेक वेळा जीव जातो. ल्युकेमियाच्या मुलांना दुसरं एक औषध, मेथोट्रेक्सेट, पाठीतून द्यावंच लागतं, आणि दोन सिरिंजा एकाच ट्रेमध्ये आल्या की घात होतो. जगात असे मृत्यू झाले आहेत. म्हणून व्हिनक्रिस्टिन सिरिंजमधून न देता छोट्या सलाइनच्या पिशवीत मिसळून द्यावं अशी शिफारस आहे. पिशवी कुणी पाठीच्या सुईला जोडत नाही.

त्या औशाच्या पोराचे पहिले दोन डोस बरे गेले. तिसऱ्यानंतर आई म्हणाली, "सात दिस झाले, पोटच साफ होईना. आन् चप्पल पायातून निसटायली तरी ह्याला कळंना." मुलाला टाचांवर चालायला सांगितलं. चवडे वर उचलेनात, पाऊल फटकन जमिनीवर आपटायचं. दुसऱ्या-तिसऱ्या डोसला असा पाय पडणं जरा लवकरच होतं. मी आईला विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का? तिने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली. मुलाच्या मांडीला गजकर्ण झालं होतं आणि गावातल्या मेडिकलवरून पंधरा दिवसांच्या कॅप्सूल आणल्या होत्या. इट्राकोनॅझोल.

व्हिनक्रिस्टिन यकृतात मोडलं जातं ते सीवायपी३ए नावाच्या विकरामुळे. इट्राकोनॅझोल नेमकं तेच विकर बांधून टाकतं. मग एरवी निघून जायचं औषध अंगात साचत राहतं, आणि डोस १.२ मिलिग्रॅमच दिलेला असला तरी नसांना तो कितीतरी मोठा वाटतो. उन्हाळ्यात आमच्याकडे घराघरात गजकर्ण असतं आणि ही कॅप्सूल चिठ्ठीशिवाय मिळते. औषध देणाऱ्याला पोराचा कॅन्सर माहीत नव्हता, आणि आईला 'अंगाला खाज' हे सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. तेव्हापासून मी पहिल्या दिवशीच विचारते, मलम सोडून पोटात घ्यायचं खाजेचं काही चालू आहे का म्हणून.

डॉक्टरांनी कॅप्सूल बंद केली, चौथा डोस पुढे ढकलला, पोटासाठी रेचक दिलं. गजकर्णाला नुसतं मलम. दहाएक दिवसांत पोट साफ होऊ लागलं. पाय मात्र हळू सुधारला. नळ्या लवकर परत बांधल्या जातात, पण टोकाशी झिजलेली तार मिलिमीटर-मिलिमीटरने पुढे सरकते.

चार महिन्यांनी तो तपासणीला आला तेव्हा रक्तात ल्युकेमियाच्या पेशी दिसत नव्हत्या. व्हरांड्यात तो टाचांवर चालून दाखवत होता, न सांगता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. डॉक्टरांनी त्याला बाकावर बसवून घोट्यामागे हातोडी मारली. पाऊल अजून उडत नव्हतं.